वरचा आकडा, खालचा आकडा

माझ्या माता-बाल संरक्षण कार्डावर रक्तदाबाचे पहिले तीन आकडे असे आहेत : तिसऱ्या महिन्यात 104/66, पाचव्यात 106/68 आणि सातवा सरता सरता 122/80. तिन्हींपुढे शेरा एकच, नॉर्मल. त्यापुढचे पाच-सहा आठवडे रकाना कोरा आहे. त्या दिवसांत माझं डोहाळजेवण झालं, हिरवा चुडा भरला आणि पहिलं बाळंतपण म्हणून मी पुण्याहून माहेरी, माण तालुक्यातल्या आमच्या गावी आले. पुण्याच्या डॉक्टरांची पुढची तारीख प्रवासात गेली आणि गावात माझं नाव अजून कुणाच्या वहीत चढलं नव्हतं. सासर सुटलेलं आणि माहेरचा दवाखाना अजून ठरलेला नाही, अशा या मधल्या काळात कितीतरी पहिलटकरणी असतात. गरोदरपणी रक्तदाब वाढवणारा आजार नेमका याच आठवड्यांत डोकं वर काढतो.

पाय सुजायला सुरुवात पुण्यातच झाली होती. संध्याकाळी चपलेचे पट्टे रुतायचे आणि सकाळी उठल्यावर पाय पुन्हा जागेवर असायचे. ही सूज बहुतेक गरोदर बायकांना येते. वाढलेल्या गर्भाशयाचा भार शिरांवर पडतो, दिवसभर उभं राहिलं की पाणी खाली उतरतं आणि पाय वर करून झोपलं की ओसरतं. त्यात घाबरण्यासारखं फारसं काही नसतं. गावी आल्यावर जे सुरू झालं ते मात्र वेगळं होतं. सकाळी उठायचे तेव्हाच बोटं जड असायची, मूठ पूर्ण वळायची नाही. अंगठी निघेना म्हणून वहिनीनं साबण लावून ती कशीबशी काढली. चार-पाच दिवसांपूर्वी मनगटावर खुळखुळणारा चुडा रुतून बसला आणि त्याच्या कडांचे वळ उठायला लागले. आरशात पाहिलं तर डोळ्यांखाली फुगलेलं, गाल ताठ, नाक रुंद. शेजारच्या काकू म्हणाल्या, "माहेरचं मानवलंय गं पोरीला." सगळ्यांना बरं वाटलं. मलाही.

मग डोकं दुखायला लागलं. कपाळापासून मागच्या मानेपर्यंत ठणका, नाडीबरोबर वाजणारा. पॅरासिटामॉल घेतली की दोन तास धार कमी व्हायची आणि मग पुन्हा तेच. आमच्या घरात डोकं दुखलं, मळमळलं, पोटात वरच्या बाजूला आवळून आलं की सगळं पित्तावर जातं. आईनं कोकमाचं सरबत दिलं, आजीनं सुंठेचा लेप घातला. दुसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तेव्हा तर पित्ताबद्दल कुणाला शंकाच उरली नाही. आजीनं माझ्या ताटातलं मीठही बंद केलं, कारण सूज म्हणजे मीठ असा तिचा हिशेब. पुढे जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मला सांगितलं की या आजारात मीठ तोडून काही साधत नाही. तो जेवणातल्या मिठानं येत नाही आणि अळणी खाल्ल्यानं जातही नाही.

चुलतभावाकडे मनगटाला बांधायचं रक्तदाबाचं मशीन होतं. त्यानं ते आणलं. मी डाव्या कुशीवर पडले होते, त्यानं वरच्या, म्हणजे उजव्या मनगटाला पट्टा बांधला. आकडा आला 138/88. "नव्वदच्या आत आहे, काळजी नको," तो म्हणाला, आणि त्या दिवसापुरता विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या आशाताई आल्या. माहेरी बाळंतपणाला कोण आलंय याची नोंद करत त्या घरोघर फिरत होत्या. त्यांनी मला लहानपणापासून पाहिलेलं. ओट्यावर पाऊल ठेवताच माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझं तोंड असं नव्हतं. कधीपासून सुजलंय?" मग एकामागून एक प्रश्न. डोकं दुखतं का? गोळीनं थांबतं का? डोळ्यांपुढे काजवे येतात का, अंधुक दिसतं का? बरगडीखाली दुखतं का? बाळ फिरतंय ना? काजवे मला आदल्या रात्रीपासून दिसत होते. मी ते जागरणावर ढकलले होते. आशाताईंनी कार्ड मागितलं, शेवटच्या आकड्याची तारीख पाहिली आणि आईला म्हणाल्या, "वहिनी, चहा नंतर. हिला आत्ता उपकेंद्रात न्यायची."

आई म्हणाली, "अहो, काल बीपी बघितलं की, नॉर्मल आहे." आशाताईंनी मशीन कुठलं आणि कसं बांधलं ते विचारलं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते राहू द्या. बसवून मोजू."

उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी बीपी ज्या पद्धतीनं घेतलं ते मी इथे सविस्तर लिहिते, कारण माझा सगळा निकाल त्या अर्ध्या तासात लागला. आधी त्यांनी मला लघवीला पाठवलं. नमुना हवाच होता, शिवाय भरलेल्या मूत्राशयानं रक्तदाब चढून दिसतो. मग पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसवलं, पाय जमिनीला टेकवायला लावले आणि पायावर पाय घेऊ दिला नाही. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, आईनंसुद्धा नाही. ब्लाउजची बाही वर सरकवून दंड आवळू नये म्हणून सैल कुर्ता घालायला लावला. हात टेबलावर असा ठेवला की दंड छातीच्या मधोमध, काळजाच्या पातळीला यावा. पट्टा कोपराच्या वर दोन बोटं. माझा दंड सुजून जाड झाला होता म्हणून नेहमीचा पट्टा बाजूला ठेवून त्यांनी मोठा काढला. लहान पट्टा जाड दंडाला बांधला तर आकडा उगाच जास्त येतो. मग स्टेथोस्कोप लावून हवा भरली आणि हळूहळू सोडली. ठोके ऐकू यायला लागतात तो वरचा आकडा, पार नाहीसे होतात तो खालचा. आला 156/104. पंधरा मिनिटं बसवून त्यांनी पुन्हा घेतलं : 154/102.

तोवर लघवीत बुडवलेल्या पट्टीचा पिवळा चौकोन हिरवा झाला होता. बाटलीवरच्या रंगांशी ताडून पाहिलं तर दोन प्लस, म्हणजे मूत्रपिंडातून प्रथिनं गळत होती.

कालच्या 138/88 चं काय, असं आईनं विचारलंच. नर्सबाईंनी समजावलं : कुशीवर झोपलेल्या माणसाचा वरचा हात काळजापेक्षा वर असतो. हात जितका वर, तितका रक्ताचा दाब तिथे कमी भरतो आणि दहा-बारानं आकडा सहज खाली येतो. त्यात मनगटाचं मशीन. "कालही हिचं बीपी वाढलेलंच असणार," त्या म्हणाल्या. "मशीन खोटं नव्हतं, हात चुकीच्या जागी होता." पुढे त्या कार्डावरचे जुने आकडे दाखवून म्हणाल्या, "हे 122/80 बघा. हा आजार नव्हे. पण हिचा नेहमीचा 104 असताना 122 झाला, तर अशा बाईला महिनाभर सोडायचं नसतं, आठ-पंधरा दिवसांत परत मोजायचं."

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याच्या वर गेला तर तो वाढलेला धरतात. दोन्हींपैकी एक आकडा ओलांडला तरी पुरे. बाईला दुसरा काही त्रास नसेल तर चारेक तासांनी पुन्हा मोजून खात्री करतात. डोकं ठणकतंय, काजवे दिसताहेत, बरगडीखाली दुखतंय आणि लघवीत प्रथिनं आहेत, असं असेल तर चार तास थांबायचं नसतं. नर्सबाई थांबल्या नाहीत. त्यांनी 108 ला फोन केला आणि चिठ्ठीवर दोन्ही आकडे वेळेसकट लिहिले.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पोचेपर्यंत मी 166/112 वर गेले होते. वरचा 160 किंवा खालचा 110 गाठला की मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका खरा असतो, आणि तासाभराच्या आत दाब खाली आणायचा असतो. तिथल्या डॉक्टरांनी निफेडिपिनची गोळी गिळायला दिली आणि लगेच मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं : 4 ग्रॅम शिरेतून सावकाश आणि दोन्ही कुल्ल्यांत खोलवर 5-5 ग्रॅम. शिरेतलं औषध जाताना अंगातून उष्णतेची लाट गेली, कानशिलं पेटली, जीभ जड झाली. कुल्ल्यांतली इंजेक्शनं इतकी दुखली की पुढे तीन दिवस मला सरळ बसता येत नव्हतं. मॅग्नेशियम रक्तदाबासाठी आहे असं मला वाटलं होतं. तसं नाही. दाबाचं औषध वेगळं आणि हे झटके येऊ नयेत म्हणून. 2002 साली ‘मॅगपाय’ नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 33 देशांतल्या दहा हजारांच्या वर बायका तिच्यात होत्या, आणि हे इंजेक्शन मिळालेल्यांत झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. स्वस्त, जुनं औषध आहे. माझ्यासारखीला साताऱ्याच्या दीड तासाच्या रस्त्यावर पाठवण्याआधी ते टोचलेलं असणं फार महत्त्वाचं होतं.

साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात रात्रभर एक सिस्टर दर थोड्या वेळानं माझ्या गुडघ्यावर छोटा हातोडा मारायची, पाय उडतो का बघायची, घड्याळ धरून श्वास मोजायची आणि लघवीच्या पिशवीतलं माप लिहायची. का, ते मी तिला विचारलं. मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर जातं, ती म्हणाली. मूत्रपिंड मंदावलं तर ते अंगात साठतं. साठायला लागलं की आधी पायाचं उडणं बंद होतं आणि मग श्वास मंदावतो. म्हणून दर चार तासांचं पुढचं इंजेक्शन देण्याआधी तिन्ही गोष्टी बघायच्या. पाय उडाला नाही तर डोस थांबवायचा. उताऱ्याचं कॅल्शियम ग्लुकोनेट तिनं ट्रेमध्ये भरून ठेवलेलं मला दाखवलं.

शेजारच्या खाटेवर माझ्याहून लहान मुलगी होती. तिला घरीच झटका आला होता आणि घरच्यांनी ती मिरगी समजून कांदा हुंगवला होता. शुद्धीवर आल्यावर ती डोक्याला हात लावून पडून असायची. तिच्या अंगावर सूज म्हणून नव्हती, हातपाय काटकुळे. मी डॉक्टरांना विचारलं की मग तिला कसं कळायचं? त्या म्हणाल्या, "मोजल्याशिवाय नाहीच कळत. सूज आम्ही आता निदानात धरतही नाही, कारण सूज असून आजार नसलेल्या पुष्कळ आणि सूज नसून आजार असलेल्याही. पण हात आणि चेहरा एकाएकी सुजला तर तो इशारा समजून त्याच दिवशी बीपी बघायचं."

मला आत नक्की काय झालं होतं, ते त्यांनीच समजावून सांगितलं. आजार सुरू होतो वारेत, आणि तोही फार आधी, चौथ्या-पाचव्या महिन्यात. गर्भाशयातल्या बारीक रोहिण्या तेव्हा सैल, रुंद व्हायला हव्या असतात, म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळतं. काही जणींत त्या अरुंदच राहतात. बाळ लहान असतं तोवर निभतं. पुढे वारेला रक्त कमी पडायला लागतं आणि ती आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडते की आईच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. वाहिन्या आवळतात म्हणून दाब वाढतो. त्या झिरपतात म्हणून चेहरा आणि हात सुजतात. मूत्रपिंडात तेच झालं की लघवीत प्रथिनं उतरतात, यकृतात झालं की उजव्या बरगडीखाली दुखतं, मेंदूत झालं की ठणका, काजवे आणि शेवटी झटके. मी ज्याला सूज, पित्त आणि जागरण अशी तीन नावं देत होते, ते एकच दुखणं होतं. डॉक्टरांनी त्याचं नाव प्रीएक्लॅम्पसिया सांगितलं.

"मग यावर औषध कुठलं?" ह्यांनी विचारलं. ते पुण्याहून रातोरात आले होते. डॉक्टर म्हणाल्या, "गोळ्यांनी दाब ताब्यात राहतो, आजार जात नाही. वार बाहेर येईपर्यंत तो चालू राहणार." माझा छत्तिसावा आठवडा सुरू होता. 34 आठवड्यांच्या आत असते तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन, आईची प्रकृती झेपेल तोवर थोडी वाट पाहिली असती. छत्तिसाव्यात, एवढी लक्षणं असताना, थांबण्यात बाळाचा फायदा थोडा आणि माझा धोका मोठा. प्लेटलेट्स 1 लाख 30 हजारांवर आल्या होत्या आणि आणखी उतरण्याआधी बाळंतपण व्हायला हवं होतं. सिझर लागलंच पाहिजे असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. गोळी ठेवून कळा आणल्या. आजीनं फोनवरून नवस बोलला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी झाली, 2 किलो 100 ग्रॅम. दिवसांच्या मानानं बारीक, कारण तिच्या वाट्याचं रक्त महिनाभर कमीच आलं होतं. माझ्या केसपेपरवर लाल अक्षरांत ‘मेथर्जिन नको’ असं लिहिलेलं होतं. बाळंतपणानंतर रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून देतात त्यांतलं हे एक इंजेक्शन, पण ते दाब चढवतं. मला त्याऐवजी ऑक्सिटोसिन दिलं.

वार पडली, आता संपलं, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. आईनं घरी शेगडी, शेक, डिंकाचे लाडू यांची तयारी सुरू केली. मॅग्नेशियम बाळंतपणानंतरही चोवीस तास चालू होतं. तिसऱ्या दिवशी बीपी 138/86 आलं आणि घरी सोडा म्हणून आम्ही मागे लागलो. डॉक्टरांनी सोडलं नाही. चौथ्या दिवशी पहाटे 158/104 भरलं आणि डोकं पुन्हा जड झालं. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत दाब पुन्हा चढतो. गरोदरपणी अंगात साठलेलं पाणी त्या दिवसांत रक्तात परत येतं. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, आणि ज्या बायकांना गरोदरपणात एकदाही बीपी नव्हतं त्यांनाही. नेमक्या याच दिवसांत बाळंतीण घरी असते, डोकं दुखलं तर वारं लागलं म्हणून कानाला फडकं बांधलं जातं, आणि सगळं घर बाळाकडे बघत असतं. मला हे सगळ्यांत जास्त सांगायचं आहे, कारण गरोदर बाईचं बीपी घ्यायचं हे आता पुष्कळांना माहीत आहे, बाळंतिणीचं घ्यायचं हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

लॅबेटालॉलचा डोस वाढवला. अंगावर पाजायला तो चालतो, हे मी दोनदा विचारून घेतलं. दाब दीडशेच्या आत स्थिरावला तेव्हा कुठे घरी आलो. पुढे नर्सबाई पट्टा घेऊन घरी यायच्या, मला भिंतीला टेकवून खुर्चीत बसवायच्या. आईनंही ते शिकून घेतलं. बाळंतिणीला भेटायला आलेल्या बायका बडबड करू लागल्या की ती हातानं थांबवायची, "पाच मिनिटं थांबा, बीपी घ्यायचंय." दर वेळी माझ्याकडे न बघता ती नर्सबाईंना विचारायची, वरचा किती, खालचा किती. सहाव्या आठवड्याला 118/76 आलं, लघवी स्वच्छ निघाली आणि गोळ्या थांबल्या.

दुसऱ्या खेपेला दिवस राहिल्याचं कळताच मी जुना केसपेपर घेऊन गेले. एकदा झालेल्या बाईला पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. डॉक्टरांनी बाराव्या आठवड्यापासून रोज रात्री ॲस्पिरिनची कमी मात्रेची गोळी सुरू केली. ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हावी लागते, वारेच्या रोहिण्या घडत असतानाच, उशिरा घेऊन तिचा विशेष उपयोग नसतो. कॅल्शियमच्या गोळ्याही नियमानं घेतल्या. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर दर पंधरा दिवसांनी आणि छत्तिसाव्यानंतर दर आठवड्याला बीपी. माहेरी निघण्याआधीच ह्यांनी साताऱ्याच्या डॉक्टरांची तारीख घेतली आणि आशाताईंना फोन करून वहीत नाव घालून ठेवलं. सदतिसाव्या आठवड्यात 144/92 आलं. या वेळी डोकं दुखत नव्हतं, चेहरा जागेवर होता, बांगड्या सैल होत्या आणि लघवीत काही नव्हतं. नुसत्या आकड्यावरून मला दाखल केलं, कळा आणल्या आणि मुलगा झाला, 2 किलो 800 ग्रॅम. मॅग्नेशियम लागलं नाही.

हा आजार होऊन गेलेल्या बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट असतो, आणि रक्तदाबाचा त्याहूनही जास्त, म्हणून दर वर्षी बीपी, साखर आणि लघवी तपासायला डॉक्टरांनी सांगितलं आहे. गेल्या वेळी 128/84 होतं. त्यांनी वर्षभर न थांबता सहा महिन्यांनी यायला सांगितलं आहे.